मुलांनी फोटो काढून पाठवलेली भूमितीची सिद्धता कशी तपासायची? आकृती वेडीवाकडी असते आणि अक्षरंही नीट कळत नाहीत.

आकृती आधी बघूच नका. पक्ष वाचा, कोऱ्या कागदावर स्वतःची आकृती काढा आणि मग मुलाची एकेक ओळ तिच्यावर लावून बघा. वाकडी आकृती बघून शून्य देणारा सिद्धता तपासतच नाही, तो चित्रकला तपासतो, हे मी घरातसुद्धा तोंडावर सांगितलंय.

मी मालवणात दहावीच्या शिकवण्या घेते. गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत मुलांना एक उदाहरण दिलं होतं. ∆ABC मध्ये AB > AC, कोन A चा दुभाजक आणि BC चा लंबदुभाजक O मध्ये छेदतात, O मधून रेषा AB वर लंब OF आणि रेषा AC वर लंब OE. सिद्ध करा BF = CE आणि मग AF = ½(AB + AC). संध्याकाळी लाईट गेलेली आणि एका मुलाने पडवीत मोबाईलच्या टॉर्चवर फोटो काढून पाठवला, वही पावसाने सादळलेली, पान फुगलेलं, E आणि F एकसारखेच दिसतायत. दुसरा फोटो एका मुलीचा, पट्टीने काढलेल्या रेषा, दोन रंगांची पेनं, बघत राहावं असा.

भावोजी मुंबईहून गणपतीला आलेले, तीस वर्षं शिकवलेला माणूस. फोटो बघूनच म्हणाले, "हिला पूर्ण दे, ह्याला परत लिहायला सांग, आकृतीच कळत नाही."

मी वाचायला बसले. अर्धी सिद्धता दोघांचीही सारखी होती. O दुभाजकावर म्हणून OE = OF आणि AE = AF, O लंबदुभाजकावर म्हणून OB = OC, मग कर्णभुजा कसोटीने ∆OFB ≅ ∆OEC, म्हणून BF = CE. मुलीने O त्रिकोणाच्या आत काढला होता, जो तिथे असूच शकत नाही, तरी इथपर्यंत तिची एकही ओळ चुकत नाही, कारण कुठलीच ओळ O कुठे आहे ह्यावर टेकलेली नाही. चुकीच्या आकृतीचे मार्क इथे कापायचे नाहीत.

पुढे मात्र ती आकृतीवरून वाचायला लागली. AF = AB − BF, AE = AC − CE, बेरीज केली आणि BF, CE समान म्हणून दोन्ही कापून टाकले. दोन्ही वजा आहेत, कापले जातीलच कसे? आणि तिच्याच दोन ओळी खऱ्या धरल्या तर AB = AC येतं, म्हणजे पक्षच मोडला. मुलाने लिहिलं होतं AE = AC + CE, कारण त्याच्या त्या वाकड्या आकृतीत E हा C च्या पलीकडे होता. AB 6 सेमी, AC 4 सेमी घ्या, BC 5 घ्या, कंपासने काढून मोजा. O त्रिकोणाच्या बाहेर येतो, AF आणि AE दोन्ही 5, F हा B च्या अलीकडे 1 सेमी, E हा C च्या पलीकडे 1 सेमी. म्हणून आकृतीत एकच गोष्ट तपासायची, बिंदूंचा क्रम, A-E-C आहे की A-C-E. तिरका फोटो लांबी आणि कोन बिघडवतो, काटकोन काटकोन दिसत नाही, पण पान सपाट असेल तर रेषा सरळच राहते आणि तिच्यावरच्या बिंदूंचा क्रम बदलत नाही. पान फुगलेलं असेल तर रेषाही वाकते, तेव्हा लिहिलेल्या ओळीच धरायच्या.

आता अक्षरांचं. जिथे दुसरं काही असूच शकत नाही अशी ओळ शोधा. इथे ती होती "O_ ⊥ AC", म्हणजे AC वरचा लंबपाद, तो E. तिथे त्याचा E कसा दिसतो ते बघून ठेवा आणि मग शेवटपर्यंत तेच वाचन धरा. सिद्धता बरोबर यावी म्हणून एका ओळीत E आणि दुसरीत F वाचायचं नाही, मी स्वतः लाडक्या मुलांच्या बाबतीत असं केलंय आणि ते चूकच. एखादी ओळ तरीही अडली तर मुलाला एवढंच विचारा, "AC वरच्या लंबपादाला काय नाव दिलंस?" ते E ना, असं विचारलंत तर तो हो म्हणणारच.

भावोजींना हे सगळं कंपासने काढून दाखवलं, तरी ते आकृतीच्या दोन मार्कांवर अडून बसले आणि विसर्जनापर्यंत आमचं तेच चाललं होतं. माझं म्हणणं आजही तेच आहे.

मुलालाही मी पूर्ण दिले नाहीत हेही सांगते. E बाहेर का, हे त्याने लिहिलंच नव्हतं, नुसतं आकृतीत दाखवलं. दोन्ही लंबपाद बाजूंवर किंवा दोन्ही वाढवलेल्या भागावर असते तर AB = AC आलं असतं आणि AB मोठी म्हणून बाहेर जाणारा E च, एवढ्या दोन ओळी हव्या होत्या, त्याचा एक मार्क कापला. आणि भौमितिक रचनेचा प्रश्न असेल तर माझं वरचं काही लागू नाही, तिथे आकृती हेच उत्तर असतं, तो फोटोवरून तपासूच नका, वही मागवून घ्या.