पाठदुखी, डोकेदुखी आणि आठवण करून देणारी ॲप्स : नक्की कुठलं घ्यावं?

प्रश्न: मी रत्नागिरीत घरून काम करते, नऊ तास लॅपटॉप. कंबर आणि मान दुखते, संध्याकाळ झाली की डोकं ठणकायला लागतं. नीट बसायची आणि पाणी प्यायची आठवण करणारी ॲप्स खरंच उपयोगी पडतात का? कुठलं घेऊ?

उत्तर:

पडतात, पण दोन वेगवेगळी घेऊ नका आणि फोनवर तर नकोच. कॉम्प्युटरवर एकच घ्या, आणि पाणी त्यालाच जोडून टाका.

मी कुडाळला एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात सिस्टीम बघतो. महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ आणि २० पर्यंत ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, त्यामुळे मधले दिवस सगळे खुर्चीला चिकटलेले असतात आणि पाठदुखीच्या तक्रारी तेव्हाच येतात. तिथे बघून सांगतो, फोनवरचं पाण्याचं ॲप दोन आठवडे टिकतं. आमच्या एक बाई, त्यांचं ॲप दर तासाला टिंग करायचं, हात कामात असायचे म्हणून त्या ते बाजूला सारायच्या, आणि संध्याकाळी सहाला बसून एकदम चार ग्लासांवर टिक. ग्राफ मस्त, पोटात पाणी कुठे? ॲप घड्याळ बघतं, तुम्ही आत्ता काय करताय ते त्याला कळत नाही. आणि शाओमी, ओप्पो, विवो असले फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप्स बंद करून टाकतात, म्हणून काहींची टिंगसुद्धा येत नाही (ते सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची बॅटरीची मर्यादा काढली की होतं).

पोश्चरच्या ॲप्सचं अजून वेगळंच. फोनच्या तिरकेपणावरून मान सांगणारी जी असतात त्यांना फोन किती झुकलाय तेवढंच कळतं, लॅपटॉपवर काम करताना त्याचा काय उपयोग. वेबकॅमवाली बरी, ती सुरुवातीला तुम्हाला ताठ बसवून चेहरा कुठे आहे ते लक्षात ठेवतात आणि चेहरा खाली किंवा जवळ आला की ओरडतात. पण तुमचा लॅपटॉप डायनिंग टेबलावर असेल ना, तर स्क्रीन मुळातच खाली, वाचायचं म्हटलं की मान वाकणारच. मग ते दर दोन मिनिटांनी ओरडतं, वैतागून तुम्ही वाकलेल्या मानेवरच परत सेट करता, आणि त्यानंतर त्याच्या लेखी सगळं ठीक.

म्हणून ॲपच्या आधी टेबल. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं रचा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे, अंतर साधारण हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. मग त्याचा कीबोर्ड वापरता येत नाही, तेव्हा वेगळा कीबोर्ड आणि माउस लागतोच, स्वस्तातला चालतो, तो खर्च ॲपच्या प्रीमियमपेक्षा हजारदा बरा. खुर्ची प्लास्टिकची असेल तर कमरेच्या खोलगट भागामागे टॉवेलची गुंडाळी, आणि पाय लोंबत असतील तर खाली पाट. खिडकी समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला हवी. आमच्याकडे दुपारी चारनंतर पश्चिमेचं ऊन तिरकं आत शिरतं, स्क्रीनवर चकाकी येते आणि माणूस नकळत पुढे झुकून डोळे बारीक करतो. वर सांगितलेल्या बाईंची डोकेदुखी बरोब्बर तेव्हाच सुरू व्हायची. टेबल फिरवल्यावर बरीच कमी झाली, उरलेली जवळच्या नंबरचा चष्मा लागल्यावर गेली. पाण्याचा त्यात भाग होता की नाही देव जाणे.

आता ॲप. Stretchly नावाचं आहे, फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. आणल्या आणल्या ते दर १० मिनिटांनी २० सेकंदांचा छोटा ब्रेक आणि दर अर्ध्या तासाने ५ मिनिटांचा मोठा ब्रेक देतं. एवढं कोणी पाळत नाही, दुसऱ्या दिवशी काढून टाकाल. सेटिंगमध्ये छोटा ब्रेक १५ मिनिटांनी करा आणि दोन छोट्यांनंतर मोठा तसाच ठेवा, म्हणजे १५, ३० ला छोटा आणि ४५ ला मोठा. छोट्या ब्रेकला उठायचं नाही, खिडकीबाहेर लांब माडाकडे बघायचं आणि मुद्दाम पापण्या मिटायच्या, स्क्रीन बघताना आपण त्या कमी मिटतो. मोठ्या ब्रेकला मात्र उठायचंच. त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तुम्ही आपणहून उठून गेलात, कीबोर्ड-माउसला पाच मिनिटं हात नाही लागला, तर ते स्वतःच मोजणी परत पहिल्यापासून सुरू करतं, उगाच आल्या आल्या डोक्यावर बसत नाही. मीटिंगच्या आधी घड्याळाशेजारच्या त्याच्या आयकॉनवरून तासभर थांबवता येतं. पुढे ढकलायची सोयही आहे, पण ती सारखी वापरायला लागलात तर सेटिंगमध्ये ती बंद करून टाका.

पाणी असं जोडायचं : टेबलावर मोठी बाटली ठेवायची नाही. ती असली की उठणं होत नाही, आणि पाठीला खरी गरज उठण्याची आहे, कितीही सुंदर बसलात तरी तीन तास एकाच तऱ्हेने बसलं की दुखणारच. मोठा ब्रेक आला की स्वयंपाकघरात माठापर्यंत जायचं आणि अर्धा ग्लास प्यायचा. नऊ तासांत जेवण, मीटिंगा वजा जाता असे आठ-दहा ब्रेक होतात, अर्ध्या ग्लासाचे १२५ मिली धरले तर एक ते सव्वा लिटर कामाच्या वेळातच गेलं. उरलेलं सकाळ-संध्याकाळ होतं. रोज आठ ग्लास पाणी प्या म्हणतात ते फार मनावर घेऊ नका. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या एका आहार मंडळाने दिवसाला अडीच लिटर म्हटलं होतं आणि लगेच पुढे यातलं बरंचसं जेवणातूनच मिळतं असंही लिहिलं होतं, ते वाक्य लोक विसरले. तुमची सकाळची पेज, सोलकढी, ताक, आमटी हे सगळं त्यातच धरायचं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दमटपणामुळे घाम वाळतच नाही, त्यात लाइट गेली की विचारू नका, तेव्हा वाढवा. लघवी फिकट पिवळी असेल तर पुरेसं आहे, गडद असेल तर कमी पडतंय. किडनी किंवा हार्टचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरने सांगितलंय तेवढंच प्यायचं.

पहिले दोन आठवडे एका वहीत फक्त तीन गोष्टी लिहा : डोकं कधी दुखायला लागलं, दुखणं कुठून सुरू झालं (मानेच्या मागून, कपाळातून, एका बाजूने), आणि गोळी घेतली का. चहा चुकला होता का तेही लिहा, रोज चार कप पिणाऱ्याचा एक चुकला तरी डोकं धरतं. गोळीचं मी मुद्दाम सांगतोय. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं, तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांना १० दिवसही पुरतात. तसं दिसलं तर वही घेऊन डॉक्टरकडे जा, कुठलंही ॲप तिथे काही करणार नाही. पायात मुंग्या किंवा जोर कमी होणं, लघवीवर ताबा न राहणं, किंवा एकाएकी कधी नव्हे एवढं भयंकर डोकं दुखणं, यातलं काही असेल तर वही वगैरे नाही, त्याच दिवशी दवाखाना.

लॅपटॉप कंपनीचा असेल आणि काही टाकायला परवानगी नसेल तर विंडोज ११ च्या Clock मध्ये Focus sessions आहे, तेही मधेमधे ब्रेक देतं. स्क्रीन झाकत नाही, त्यामुळे दुर्लक्ष करणं सोपं, पण आयटीवाल्यांकडे Stretchly ची परवानगी मिळेपर्यंत चालेल.