"३० पर्यंत" मध्ये ३० धरायचा की नाही

अरे, तुझं ड्रॉइंगचं कोरियन ट्रान्सलेशन काल रात्री उघडून बघितलं. भाषा छान आहे, माझ्यापेक्षा चांगलीच म्हणेन. पण टॉलरन्सच्या टेबलावर मी लाल खुणा केल्यात त्या बघून घाबरू नकोस, तीच चूक मी स्वतः केली होती आणि महाग पडली होती, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ड्रॉइंगवर खाली कोपऱ्यात `ISO 2768-m` लिहिलेलं असतं ना, म्हणजे ज्या मापाला वेगळा टॉलरन्स दिलेला नाही त्याला त्या स्टँडर्डचा मीडियम क्लास लावायचा. कधी कधी डिझाइनवाले ते टेबलच ड्रॉइंगवर छापतात, आणि तिथे असतं की ६ च्या वर ते ३० पर्यंत ±०.२, ३० च्या वर ते १२० पर्यंत ±०.३. आता नीट वाच, "६ च्या वर" म्हणजे ६ धरायचा नाही आणि "३० पर्यंत" म्हणजे ३० धरायचा. मराठीत आपण बोलताना एवढं कुठे बघतो, "तीसच्या वर" म्हटलं तर तीस आत की बाहेर कोण विचारतो. कोरियनमध्ये मात्र यासाठी चार वेगळे शब्द आहेत. इसांग आणि इहा म्हणजे तो आकडा धरून वर आणि तो आकडा धरून खाली, छोग्वा आणि मिमान म्हणजे तो आकडा सोडून वर आणि तो आकडा सोडून खाली. मी पहिल्यांदा "च्या वर"ला इसांग आणि "पर्यंत"ला मिमान लिहून मोकळा झालो, वाचायला अगदी सहज वाटत होतं.

पार्ट साधा होता, ३० मिमी लांबीचा स्पेसर, त्या लांबीला टॉलरन्स दिलेला नव्हता. माझ्या टेबलानुसार ३० हा आकडा खालच्या ओळीत गेला आणि टॉलरन्स झाला ±०.३. तिकडच्या इन्स्पेक्शनने ३०.२६ चे तुकडे ओके केले आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्यांच्या हातातल्या कागदावर ते बरोबरच होतं. आमच्याकडे असेंब्लीत अडकले तेव्हा मूळ ड्रॉइंग काढलं, लिमिट होती ३०.२. माप एकही बदललं नव्हतं रे, सगळे आकडे जसेच्या तसे, आणि तरी रिक्वायरमेंट बदलली होती. ६ मिमीचं माप असतं तर अजून वाईट, कारण ६ पर्यंतच्या रेंजला ±०.१ आहे, म्हणजे टॉलरन्स सरळ दुप्पट झाला असता.

बरोबर असं लिहायचं, 초과 म्हणजे छोग्वा आणि 이하 म्हणजे इहा:

```
6 초과 30 이하     ±0.2
30 초과 120 이하   ±0.3
```

म्हणून चेक करताना नुसते आकडे जुळवून भागत नाही. प्रत्येक रेंजच्या टोकाचा आकडा उचल, ६, ३०, १२०, आणि दोन्ही भाषांत तो कुठल्या ओळीत पडतो ते बोट ठेवून बघ. दोन्ही भाषांत वेगवेगळ्या ओळीत पडला, एकाच टेबलात दोन ओळींत पडला किंवा एकाही ओळीत पडला नाही तर शब्द चुकलाय. (गंमत म्हणजे इसांग याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे, बिघाड या अर्थाचा, तो "दिसण्यात दोष नसावा" अशा नोटमध्ये येतो, तेव्हा सर्च करून सगळे इसांग एकदम बदलायला जाऊ नकोस.)

दुसरी खूण आहे "should be free from burrs" या नोटवर. तू ते "नसल्यास बरं" अशा अर्थाने लिहिलंस, शब्दशः चूक नाही, पण आपल्याकडचे डिझाइनवाले should लिहितात आणि त्यांना must म्हणायचं असतं, निम्म्या ड्रॉइंगवर हेच. कोरियन ड्रॉइंगवर सक्तीच्या नोटचं वाक्य साधारण 할 것 किंवा 없을 것 असं संपतं, ते वाचलं की वर्कशॉपला कळतं की हे करायचंच. पण कुठलं लिहायचं हे तू ठरवायचं नाहीस आणि मीही नाही, डिझाइनला मेल टाक, उत्तर लेखी घे आणि फाइलला जोडून ठेव.

तसंच `ISO` नंबरच्या जागी तू `KS B ISO` टाकलंस, कोरियन वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून असेल. काढून टाक. कोरियन स्टँडर्ड तसंच असेल, पण कुठलं स्टँडर्ड लागू हे ड्रॉइंगच्या मालकाने ठरवायचं, आणि ते जुनं किंवा रद्द झालेलं दिसलं तरी विचारायचं, गुपचूप नवं टाकायचं नाही.

राहिलं कॅडचं. टेक्स्टमध्ये `%%c` आणि `%%p` दिसले तर हात लावू नकोस, ते व्यासाचं चिन्ह आणि ± आहेत. आणि फाइल पाठवण्याआधी पीडीएफ काढून ती डोळ्यांनी बघ, कारण कोरियन फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ± गेलेला चटकन लक्षात येत नाही.

टेबल दुरुस्त करून आज संध्याकाळपर्यंत पाठव, should ची मेल मात्र आत्ताच टाक, त्यांचं उत्तर यायला दोन दिवस लागतात.