एकच शिक्षक अनेक तुकड्यांवर असताना तास एकमेकांवर येऊ नयेत म्हणून वेळापत्रकाचा तक्ता कसा मांडावा?

प्रत्येक तुकडीचा वेगळा कागद करू नका, टक्कर तिथे दिसतच नाही. एकाच शीटवर आठवड्याचे सगळे तास खाली ओळींत आणि तुकड्या आडव्या रकान्यांत घ्या. चौकटीत फक्त शिक्षकाचं लघुनाव लिहा. मग एका ओळीत एक नाव दोनदा आलं की टक्कर. सहा तुकड्या B ते G मध्ये असतील, तर B2 पासून सगळ्या चौकटी निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे सूत्र द्या:

```
=COUNTIF($B2:$G2,B2)>1
```

नावं ड्रॉपडाउनमधूनच निवडा. नावापुढे चुकून एक स्पेस राहिली, तरी टक्कर रंगत नाही.

भरताना सर्वांत जास्त तुकड्या असलेल्या शिक्षकापासून सुरुवात करा. चार तुकड्या, प्रत्येकी सात तास म्हणजे 28 ओळी त्यांनाच लागतात.

सोमवारी तिसऱ्या तासाला ८अ आणि ९ब दोन्हीकडे ‘गक’ आलं, तर ९बच्याच रकान्यात तिसरा आणि पाचवा तास अदलाबदल करा. तुकडीचे विषयवार तास तेवढेच राहतात. मात्र पाचव्याला ‘गक’ आणि तिसऱ्याला तिथे येणारे शिक्षक मोकळे हवेत. नसतील तर दुसरी ओळ शोधा.