मामांना पैशाचं पत्र: वाटा वेगळा, मुद्दल वेगळं

प्रश्न: सत्तरीत आमचा भिरंडाच्या सोलांचा आणि आगळाचा छोटा धंदा आहे. वाढवायला मामांकडून दीड लाख रुपये घ्यायचे आहेत. नुसतं व्याज नको, नफ्यात वाटा द्यायचा आहे. पत्र कसं लिहू? घरचे म्हणतात, मामांना कसला कागद दाखवतोस.

घरच्यांचं ते शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसलो. मी फोंड्याला लहान धंद्यांचे हिशेब लिहितो, आणि आमचे थोरले भाऊजी हेच वाक्य प्रत्येक जेवणावळीत ऐकवतात. त्यांना तोंडी उत्तर देऊन उपयोग नाही, म्हणून इथे आकड्यांत देतो.

नात्यातल्या पैशावरून भांडण होतं ते बहुतेक वेळा ‘नफा’ म्हणजे काय यावरून. घेणारा समजतो, वर्षाला बारा हजार दिले म्हणजे कर्ज तेवढं फिटलं. देणारा समजतो, तो माझा वाटा, मुद्दल अजून आहे तसंच. दोघेही आपापल्या परीने खरे असतात. म्हणून पत्रात मुद्दल आणि वाटा यांचे परिच्छेद वेगळे ठेवा आणि देण्याच्या तारखाही वेगळ्या ठेवा.

तुमच्या धंद्यावर हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजुतीपुरते धरलेत, तुमच्या वहीतले घाला. दीड लाखातले ५०,००० वाळवणीच्या प्लास्टिक शेडला, ८०,००० फळांना आणि २०,००० बाटल्या, पिशव्या, लेबलांना. बरं वर्ष गेलं आणि विक्री २,६०,००० झाली असं धरू. खर्चात फळं ८०,०००, बाटल्या-पिशव्या २०,०००, मजुरी ३५,०००, मीठ-वीज-गाडीभाडं २०,०००. तुमची स्वतःची मेहनत सहा महिन्यांची, महिना ६,००० प्रमाणे ३६,०००. शेड पाच वर्षं टिकेल असं धरून यंदाच्या वाट्याला १०,०००. एकूण २,०१,०००, म्हणजे नफा ५९,०००. मामांना २० टक्के द्यायचे ठरले तर ११,८००.

यात तीन जागा अशा आहेत जिथे नंतर वाद होतो. पहिली तुमचा पगार. तो खर्चात धरलाय हे पत्रात लिहिलं नाही, तर मामा म्हणणार नफा ९५,००० आहे, आणि त्यांचं चुकत नाही. दुसरी शेड. सगळे ५०,००० पहिल्याच वर्षी खर्चात टाकले तर नफा १९,००० दिसेल आणि मामांचा वाटा आपोआप ३,८०० वर येईल. तिसरी उधारी. किनाऱ्यावरची हॉटेलं माल आज उचलतात आणि पैसे महिन्या-दोन महिन्यांनी देतात. विक्री हातात पैसे आले की धरायची, का बिल फाडल्याबरोबरच, हे आधीच ठरवा. घरी वापरलेली आणि पाहुण्यांच्या पिशवीत घातलेली आगळाची बाटलीसुद्धा वहीत घाऊक भावाने विक्री म्हणून चढवा. आपल्याकडे अशा बाटल्या थोड्या नसतात.

आता परतफेड. बहुतेक जण दीड लाखाला तीनने भागून वर्षाला ५०,००० लिहून मोकळे होतात. वरच्याच आकड्यांत बघा: विक्रीचे २,६०,००० आले. त्यातून मजुरी, किरकोळ खर्च आणि तुमचा पगार मिळून ९१,००० गेले, मामांचा वाटा ११,८०० गेला, पुढच्या हंगामाची फळं आणि बाटल्या यांना १,००,००० बाजूला ठेवले. उरले ५७,२००. त्यातले ५०,००० दिले की हातात ७,२०० राहतात, आणि पुढच्या वर्षी पाऊस आठ दिवस आधी आला की संपलंच. म्हणून पहिल्या वर्षी ३०,०००, मग ६०,०००, मग ६०,००० असं लिहा. तीन वर्षं अशीच गेली तर दरवर्षी वीस ते सत्तावीस हजार गाठीला राहतात. हप्त्याची तारीख ३१ जानेवारी धरा, कारण तोवर पर्यटकांच्या हंगामातली हॉटेलांची बरीच येणी आलेली असतात. एप्रिलमध्ये हप्ता ठेवलात तर फळं घ्यायचे पैसेच मामांना द्यावे लागतील. वाट्याचा हिशेब मात्र ३१ मार्चला मिटवून एप्रिलअखेर द्या. तेव्हा जुना माल जवळजवळ संपलेला असतो आणि शिल्लक मोजणं सोपं जातं.

धोका लिहिताना ‘धंदा म्हटलं की चढउतार’ असलं वाक्य घालू नका, त्यातून मामांना काहीच कळत नाही. आकडा लिहा. भिरंडं पिकतात एप्रिल-मेमध्ये आणि सोलं उन्हात वाळायला हवीत. मेअखेर पाऊस लागला तर ओलसर सोलं पिशवीत गेली की पांढरी बुरशी धरते. समजा, तिसरा हिस्सा माल असा गेला आणि विक्री १,७५,००० वर आली. खर्च तर आधीच होऊन गेलेला. तोटा २६,०००. वाटा शून्य, आणि हप्ताही निघत नाही, कारण ९१,००० वजा जाता ८४,००० उरतात आणि पुढच्या हंगामालाच १,००,००० लागतात. हा हिशेब मामांनी पैसे देण्याआधी वाचायला हवा. बऱ्या वर्षातही त्यांना दीड लाखावर ११,८००, म्हणजे शेकडा आठपेक्षा किंचित कमीच मिळणार. बँकेत ठेवले तर धोका जवळजवळ नाही, हेही त्यांना तुम्हीच लिहून सांगा. त्यानंतरही ते हो म्हणाले तर ते समजून हो म्हणाले.

पत्र साधारण असं:

‘ती. स्व. मामा आणि मामी यांस साष्टांग नमस्कार. सोलांच्या धंद्यासाठी तुमच्याकडून १,५०,००० रुपये मागतो आहे. कशाला किती लागणार त्याचा कागद सोबत आहे. हंगामातली मजुरी मी माझ्या पैशातून घालणार आहे. हे पैसे कर्ज म्हणून घेतो आहे. धंद्यात तोटा झाला तरी मुद्दल माझ्या अंगावर राहील. मुद्दल तीन वर्षांत ३०,०००, ६०,००० आणि ६०,००० असं दर ३१ जानेवारीला बँकेतून देईन. मुद्दल पूर्ण फिटेपर्यंत दर वर्षाच्या नफ्याचे २० टक्के वेगळे देईन, ते मुद्दलातून वजा होणार नाहीत. नफा म्हणजे हातात आलेल्या विक्रीतून सोबतच्या कागदावरचे खर्च वजा करून उरेल तो. त्यात माझा ३६,००० पगार आणि शेडचे १०,००० धरले आहेत. तोट्याच्या वर्षी वाटा मिळणार नाही आणि हप्ता एक वर्ष पुढे जाईल. तसं होणार असेल तर मी डिसेंबरातच कळवीन आणि वही दाखवीन. लागोपाठ दोन वर्षं तोटा झाला तर शेड आणि सामान विकून येणारे पैसे आधी तुम्हाला देईन. या पैशांची तुम्हाला तीन वर्षांत गरज लागण्यासारखी असेल तर कृपया नाही म्हणा.’

खाली तुमची सही, आणि तुमच्या बायकोचीही. वर ‘मामा आणि मामी’ मुद्दाम लिहिलंय. आपल्या गोव्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरली जाते. मामांचे दीड लाख म्हणजे मामींचेही आहेत. पत्र एकट्या मामांना गेलं आणि मामींना नंतर कुठल्यातरी बारशात कळलं, तर तो राग कुठल्याच हप्त्याने फिटत नाही. भाऊजी कागदाला नावं ठेवतात, पण त्यांच्या तोंडी व्यवहारांत घरातल्या बाईला कोणी विचारलेलंच नसतं. कागद केला की निदान सहीसाठी तरी तिच्यासमोर ठेवावा लागतो.

‘कर्ज’ हा शब्द पत्रातून काढू नका. मामांना मान वाटावा म्हणून ‘भागीदार’ लिहायचा मोह होईल. १९३२च्या भागीदारी कायद्याप्रमाणे कर्ज देणाऱ्याला नफ्याचा हिस्सा मिळतो एवढ्यावरून तो भागीदार ठरत नाही. पण ते तोटाही वाटून घेणार, खरेदी-विक्रीत निर्णयही देणार असं लिहिलंत तर चित्र बदलतं. भागीदार ठरले तर बाटलीवाल्याची थकबाकी त्यांच्या दारातही येऊ शकते. मामांना त्यांनी दिलेल्या दीड लाखापलीकडे काही भोगावं लागू नये, हे पाहणं तुमचं काम.

पैसे बँकेतूनच घ्या आणि बँकेतूनच परत करा. २०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेणं आणि तसंच फेडणं आयकर कायद्याला चालत नाही. त्यातून मामा सुटत असतील, दंड घेणाऱ्याला बसतो, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असू शकतो. दरवर्षी एप्रिलमध्ये ‘आजअखेर मुद्दल इतकं बाकी’ अशी एक ओळ लिहून सही करून मामांना द्या. उसन्या पैशासाठी कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, आणि ती संपायच्या आत अशी लेखी कबुली दिली की नव्याने मोजली जाते. घेणाऱ्याने स्वतःहून ती ओळ दिली की मामांना कधी मागायची वेळ येत नाही. भाऊजींचा सगळा आक्षेप ‘मागायला लाज वाटते’ एवढाच आहे, आणि तो इथेच निकालात निघतो.

रक्कम याहून मोठी असेल किंवा मामा तारण मागत असतील तर हे पत्र पुरणार नाही, वकिलाकडून रीतसर करार करून घ्या. आणि एक राहिलं: भिरंडाच्या बिया. भिरंडेलासाठी त्या विकत असाल तर ते पैसे विक्रीत धरणार की घरात, ते पत्रात एका ओळीत लिहा. मी तरी विक्रीतच धरीन, कारण फळं मामांच्या पैशाने घेतलेली आहेत.