आरगँड आकृतीत गुणाकार म्हणजे नेमके काय होते?

प्रश्न: संमिश्र संख्येला 1 + i ने गुणले की आकृतीतला तिचा बिंदू कुठे जातो, आणि का?

आरगँड आकृतीत x + iy ही संख्या आडव्या वास्तव अक्षावर x आणि उभ्या अक्षावर y असलेल्या बिंदूने दाखवतात. 1 + i ने गुणल्यावर तो बिंदू आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने 45° फिरतो आणि त्याचे आरंभबिंदूपासूनचे अंतर √2 पट होते. हे अंतर म्हणजे संख्येचा मापांक, आणि धन वास्तव अक्षापासून मोजलेला कोन म्हणजे तिचा आर्ग्युमेंट. गुणाकारात मापांकांचा गुणाकार होतो, आर्ग्युमेंटची मात्र बेरीज होते. 2 + i हा आरंभबिंदूपासून त्याच्या बिंदूपर्यंत जाणारा बाण समजून पाहा. i ने गुणल्यावर −1 + 2i मिळते, म्हणजे तेवढ्याच लांबीचा, पण 90° वळलेला बाण. (1 + i)(2 + i) ही या दोन बाणांची बेरीज असल्याने उत्तर 1 + 3i हे त्यांच्यावर उभ्या राहणाऱ्या चौरसाच्या कर्णाच्या टोकाशी येते, आणि चौरसाचा कर्ण बाजूच्या √2 पट असून तिच्याशी 45° चा कोन करतो. पडताळा घ्यायचा तर √5 × √2 = √10, आणि 1 + 3i चा मापांकही √10 च आहे. आर्ग्युमेंट काढताना मात्र केवळ tan⁻¹(y/x) वर विसंबू नये (गुण बहुधा इथेच जातात), कारण −1 − i साठी ते सूत्र 45° देते, तर बिंदू तिसऱ्या चरणात असल्याने खरा आर्ग्युमेंट −135° असतो.