सैन्याचे ओळखपत्र आणि ड्रोनवरची दृश्ये

प्रश्न : मी मुक्त व्हिडिओ पत्रकार आहे. दोन देशांच्या युद्धात एका बाजूच्या तुकडीसोबत जाण्याची परवानगी मला मिळते आहे आणि सैन्य मला युद्धवार्ताहराचे ओळखपत्र देणार आहे. मात्र माझ्या ड्रोनवर शत्रूची हालचाल दिसली तर ती लगेच कळवावी, असे तुकडीप्रमुखांचे म्हणणे आहे. ओळखपत्र घेतल्यामुळे मी सैनिक ठरेन का? पकडला गेलो तर माझे काय होईल?

उत्तर : ओळखपत्रामुळे आपण सैनिक ठरत नाही. धोका आहे तो तुकडीप्रमुखांच्या त्या अटीत, आणि तो ओळखपत्राने टळत नाही.

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या कलम ४ नुसार, सैन्याचे सदस्य नसलेले परंतु त्याच्या परवानगीने त्याच्यासोबत असलेले युद्धवार्ताहर शत्रूच्या हाती सापडले, तर त्यांना युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. मात्र पकडले जाण्यापूर्वी आणि त्यानंतरही ते नागरिकच असतात आणि त्यांच्यावर जाणूनबुजून हल्ला करणे बेकायदा असते. परवानगीशिवाय स्वतंत्रपणे काम करणाऱ्या पत्रकारालाही १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचे कलम ७९ नागरिकच मानते. अमेरिकेसारख्या काही देशांनी हा प्रोटोकॉल मंजूर केलेला नाही. तरीही हा नियम रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग मानला जात असल्याने तो त्यांनाही लागू होतो.

दोन्ही दर्जांतला फरक पकडले गेल्यानंतरच जाणवतो, आणि तो सगळाच आपल्या फायद्याचा नाही. युद्धकैदी म्हणून आपल्याला चौकशीत नाव, जन्मतारीख, क्रमांक यांसारखी ओळखीपुरतीच माहिती द्यावी लागेल आणि आपल्या अटकेची माहिती घरी कळवण्याचा हक्क राहील. परंतु कोणताही आरोप न ठेवता प्रत्यक्ष लढाई थांबेपर्यंत आपल्याला ताब्यात ठेवता येईल. याउलट, चौथ्या जिनिव्हा कराराचे संरक्षण असलेल्या नागरिकाला सुरक्षेचे तातडीचे कारण असेल तरच स्थानबद्ध करता येते, आणि त्या निर्णयाचा फेरविचार ठरावीक काळाने करावा लागतो. हे संरक्षण बऱ्याच अंशी राष्ट्रीयत्वावर अवलंबून असल्याने, आपले पारपत्र कोणत्या देशाचे आहे हे पाहिल्याशिवाय ओळखपत्र नाकारण्याचा सल्ला मी देणार नाही. तुकडीसोबतच राहायचे असेल, तर ते घेणेच शहाणपणाचे.

आता ड्रोनचा मुद्दा. समजा, आपल्या पडद्यावर झाडीत दडवलेली तोफ दिसली, आपण तिची जागा अधिकाऱ्याला सांगितली आणि काही मिनिटांत तेथे मारा झाला. नागरिकाचा लढाईतला थेट सहभाग ठरवताना आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीचे २००९ चे मार्गदर्शन तीन गोष्टी तपासते : कृतीमुळे प्रतिपक्षाची लष्करी हानी होणे संभवते का, कृती आणि हानी यांचा संबंध थेट आहे का, आणि ती एका पक्षाच्या बाजूने व दुसऱ्याच्या विरोधात केलेली आहे का. आपल्या उदाहरणात तिन्ही उत्तरे ‘होय’ आहेत. त्यामुळे ती कृती चालू असेपर्यंत आपल्यावर हल्ला करणे कायदेशीर ठरते. त्याहून वाईट परिणाम पकडले गेल्यावर होतो. तीच माहिती सैनिकाने दिली असती, तर तेवढ्यासाठी त्याच्यावर खटला भरता आला नसता. आपल्याला मात्र ती मुभा नाही, कारण युद्धकैद्याचा दर्जा म्हणजे सैनिकाची माफी नव्हे. शत्रुदेश स्वतःच्या फौजदारी कायद्याखाली आपल्यावर खटला चालवू शकेल, आणि पुरावा आपल्याच ड्रोनच्या नोंदींत व फोनवरच्या संदेशांत सापडेल.

तीच तोफ आपण बातमीसाठी टिपली आणि नंतर प्रसिद्ध केली, तर तो सहभाग ठरत नाही. सैन्याने आपल्या सैनिकांच्या सुरक्षेसाठी प्रसिद्धीपूर्वी चित्रण पाहण्याचा आग्रह धरला, तर त्यातही सहसा अडचण नाही. मात्र कच्चे चित्रण तपासणीच्या नावाखाली मारा ठरवणाऱ्या कक्षात जाणार असेल, तर नाव काहीही दिले तरी ते हेरगिरीच्या कामाला जुंपणेच आहे.

म्हणून परवानगीच्या करारात एक वाक्य लेखी घालून घ्या : ‘पत्रकार प्रतिपक्षाच्या स्थानांविषयी वा हालचालींविषयी कोणतीही माहिती सैन्याला पुरवणार नाही आणि त्याच्या चित्रणाचा वापर लक्ष्यनिश्चितीसाठी केला जाणार नाही.’ ते मान्य नसेल, तर ड्रोन मागे ठेवा किंवा ही तुकडी सोडा. शस्त्र बाळगू नका आणि सैन्याच्या गणवेशासारखे कपडे घालू नका. अर्थात, आपण नागरिक असलात तरी सोबतचे सैनिक आणि त्यांची वाहने ही कायदेशीर लक्ष्ये आहेत. त्यांच्यावरील हल्ल्यात आपण सापडलात, तर दरवेळी तो युद्धगुन्हा ठरेलच असे नाही.

हे सारे दोन देशांमधल्या युद्धाला लागू आहे. सरकार आणि बंडखोर यांच्या अंतर्गत संघर्षात युद्धकैद्याचा दर्जा अस्तित्वातच नसतो. तेथे चारही जिनिव्हा करारांतील समान कलम ३ मधील मानवी वागणुकीची किमान हमी आणि रूढ नियम हेच मुख्यतः उरतात.

निघण्यापूर्वी ओळखपत्राची प्रत संपादकांकडे व घरी ठेवा. पत्रकार बेपत्ता झाल्यास किंवा पकडला गेल्यास त्याचा माग काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती १९८५ पासून खास दूरध्वनी सेवा चालवते. तो क्रमांकही त्या प्रतीसोबत लिहून द्या.