'लोपला', 'समाधिस्थ', 'त्यागिले': मृत्यूचे आडवळणाचे शब्द

'कवितेत "मेला" असं सरळ न म्हणता "गेला", "लोपला", "समाधिस्थ झाला" असं का म्हणतात? हा नुसता शिष्टाचार, की त्यावरून शोक करणाऱ्याच्या मनातलंही काही कळतं?'

कळतं, पण प्रत्येक शब्दावरून नाही. शब्द ठरीव असेल तर तो रीत सांगतो. 'कैलासवासी', 'देवाज्ञा झाली' यांवरून लिहिणाऱ्याचं मन वाचता येत नाही. पण एकच माणूस एकाच प्रसंगात शब्द बदलत गेला, तर त्या बदलाकडे नीट पाहावं. याचं मराठीतलं सगळ्यात भरघोस उदाहरण म्हणजे ज्ञानदेवांच्या समाधीवरचे नामदेवांचे अभंग. प्रसंग आळंदीचा, शके 1218 म्हणजे इ. स. 1296 मधला.

समाधीकडे निघतानाची ओळ अशी आहे: 'देव निवृत्ति यांनी धरिले दोन्ही कर । जातो ज्ञानेश्वर समाधीसी'. पुढची क्रियापदं पाहा. ज्ञानेश्वर आसनावर जाऊन बसले, पुढ्यात ज्ञानेश्वरी ठेवली, तीन वेळा हात जोडले आणि 'झांकियेले डोळे ज्ञानदेवें'. या सगळ्या कृतींचा कर्ता ज्ञानदेवच आहे. इथपर्यंत त्याला काही 'झालं' नाही, जे केलं ते त्यानं केलं. एका अर्थी हे आडवळणही नाही, कारण संजीवन समाधी हा त्याचा स्वतःचा निर्णय होता. पण सांगणारा एकेक कृती सुटी करून, सावकाश पुढे सरकतो. माझं वाचन असं की शेवटची कृती उच्चारायची वेळ लांबावी, म्हणून तो ही लहान लहान कामं मोजत राहतो.

अभंगाच्या शेवटी दोन शब्द शेजारी येतात: 'नामा म्हणे आतां लोपला दिनकर । बाप ज्ञानेश्वर समाधिस्थ'. यातला 'समाधिस्थ' हा संप्रदायाचा शब्द, साधूला तोच लावायचा, त्यात नामदेवांचं खासगी असं काही नाही. 'लोपला' मात्र पाहणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. लोपणं म्हणजे नजरेआड होणं. सूर्य विझला असं नामदेव म्हणत नाहीत, आपल्याला दिसेनासा झाला म्हणतात. तेज शाबूत आहे ही श्रद्धा आणि आपण अंधारात उरलो ही व्यथा, दोन्ही त्या क्रियापदात आहेत. आणि 'बाप' हा शब्द! परंपरेनुसार नामदेव ज्ञानदेवांपेक्षा पाचएक वर्षांनी मोठे. 'बाप' हे त्या काळच्या भक्तीतलं आदराचं संबोधन आहेच, खुद्द ज्ञानदेवांची मुद्रा 'बाप रखुमादेवीवरु' अशी आहे. तरीही इथे वयानं मोठा माणूस धाकट्याला बाप म्हणतो आहे, हे नजरेआड करू नये.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो नामदेवांचाच, थोरले भाऊ निवृत्तिनाथ यांच्या शोकाचा अभंग. समाधीला शिळा लावून झाली आहे. या अभंगात ज्ञानदेवाच्या मरणासाठी एकही क्रियापद नाही, जाणं नाही की लोपणंही नाही. आहे ती फक्त मोडतोड: 'बांधल्या तळ्याचा फुटलासे पाट', 'बांधल्या पेंढीचा सुटलासे आळा', आणि हरिणीवाचून ओस पडलेली खोपी, दाही दिशांना भटकणारी पाडसं. पेंढीचा बंध सुटला की गवत रानोमाळ पांगतं. जो गेला त्याचं वर्णनच नाही, तो गेल्यावर इतरांचं काय झालं तेवढंच आहे. दुःख ताजं असतं तेव्हा माणूस असाच बोलतो, घटना सांगत नाही, तिचे परिणाम सांगत सुटतो.

त्याच अभंगात जुन्या मरणासाठी मात्र क्रियापद आहे: 'मायबापें आम्हां त्यागियेलें जेव्हां । ऐसें संकट तेव्हां झालें नाहीं'. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, असं परंपरा सांगते. त्या मरणाला इथे नाव मिळालं ते 'त्यागिले', म्हणजे टाकलं. शब्द आडवळणाचा, तरी 'मेले'पेक्षा जास्त बोचरा, कारण त्यात पोरकं झालेल्या मुलाची तक्रार आहे. बरीच वर्षं मुरलेल्या दुःखाला क्रियापद सापडलं, आजच्या दुःखाला अजून सापडलेलं नाही.

बोलणारा कोण, हेही पाहावं लागतं. तुकारामांच्या 'आम्ही जातो आमुच्या गावा' यात जाणाराच बोलतो, तिथे 'जातो'ला घरच्या ओढीचा आधार आहे. नामदेवांचा 'जातो' पाठमोऱ्या माणसाकडे पाहत म्हटलेला. शब्द तोच असूनही मनःस्थिती उलटी.

कोणत्याही कवितेत ठरीव शब्द आणि निवडलेला शब्द ओळखायचा असेल, तर त्या जागी दुसरा सभ्य शब्द घालून पाहा. 'समाधिस्थ'च्या जागी 'ब्रह्मलीन' घातला तर अर्थाला फारसा धक्का लागत नाही. 'त्यागिले'च्या जागी 'निवर्तले' घालून ती ओळ पुन्हा वाचा: संकट उरतं, तक्रार नाहीशी होते.